पासपोर्टवरचा फोटो आणि आपला व्हॉट्सॲपवरचा पंचनामा

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण अर्धी वाचून पुढे ढकलू नका.

गेले दहा-बारा दिवस आपल्या तालुक्यातल्या बहुतेक ग्रुपवर एक जोडफोटो फिरतोय. डावीकडे पासपोर्टच्या पानाची झेरॉक्स, उजवीकडे बाजारात उभ्या असलेल्या एका माणसाचा लांबून काढलेला फोटो. खाली एकच ओळ: 'नीट बघा, हा तो नव्हेच.' माणूस बरीच वर्षं आखातात होता. आता परत आलाय, दुकान टाकायचं म्हणून गाळा बघितला, अनामत दिली. गाळेवाल्याने हा फोटो बघितला आणि करार थांबवला. त्या माणसाचं नाव, गाव मी इथे लिहिणार नाही आणि कमेंटमध्ये कुणी लिहिलं तर कमेंट उडवणार आहे.

मला या काळात पंचवीस-तीस जणांचे मेसेज आले. "दादा, तुम्ही पत्रकार, तुमची नजर तयार. फोटो बघून सांगा, तोच आहे का?"

माझं उत्तर सगळ्यांना एकच आहे. मला सांगता येणार नाही. 'तोच आहे' असंही मी म्हणणार नाही आणि 'तो नाही' असंही म्हणणार नाही. कारण अनोळखी माणसाचा फोटो बघून तो कोण हे ठरवणं नजरेचं काम नाही, ते कागदांचं आणि कागद तपासणाऱ्या यंत्रणेचं काम आहे. असं का, ते जरा सविस्तर सांगतो.

आपल्या सगळ्यांना वाटतं की चेहरे ओळखण्यात आपण पटाईत आहोत. ते अर्धंच खरं आहे. ओळखीचा माणूस आपण पाठीमागून, अंधारात, वीस वर्षांनी भेटला तरी ओळखतो. त्यामुळे आपला गैरसमज होतो की अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीतही आपल्याला हेच जमतं. ते जमत नाही.

२०११ साली ब्रिटनमधले मानसशास्त्रज्ञ रॉब जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चेहऱ्यांच्या ४० फोटोंचा एक गठ्ठा लोकांच्या हातात दिला आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका ढिगात, दुसऱ्याचे दुसऱ्या ढिगात, असे वेगळे करा. गठ्ठ्यात फोटो फक्त दोघींचे होते, प्रत्येकीचे वीस. दोघी नेदरलँड्समधल्या प्रसिद्ध स्त्रिया. ब्रिटनमधल्या लोकांनी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी सरासरी सात-आठ ढीग केले. म्हणजे दोन बायकांच्या सात-आठ बायका झाल्या. तोच गठ्ठा नेदरलँड्सच्या लोकांना दिला, तर त्यांनी बहुतेक करून बरोबर दोन ढीग केले. फोटो तेच, डोळे तसेच. फरक फक्त ओळखीचा.

यातली ब्रिटनमधल्या लोकांची चूक कोणती ते नीट लक्षात घ्या. त्यांना एकाच बाईचे दोन फोटो दोन वेगळ्या बायकांचे वाटले. आपल्या ग्रुपवर 'हा तो नव्हेच' म्हणणारे ज्या जागी उभे आहेत, ती नेमकी हीच जागा आहे.

आता कुणी म्हणेल, आपण साधी माणसं, पण रोज हेच काम करणाऱ्यांची नजर तयार होत असेल ना? त्याचीही परीक्षा झालेली आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट अधिकाऱ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. समोर जिवंत माणूस उभा आणि स्क्रीनवर फोटो. तो त्याचाच का, एवढंच सांगायचं. फोटो दुसऱ्याचा होता तेव्हा अधिकाऱ्यांनी १४ टक्के वेळा 'हो, याचाच' म्हणून पुढे जाऊ दिलं. फोटो खरोखर त्याचाच होता तेव्हा ६ टक्के वेळा 'याचा नाही' म्हटलं. पुढच्या चाचण्यांत त्यांची तुलना कॉलेजच्या विद्यार्थ्यांशी केली, तर दोघे सारखेच निघाले. काही अधिकारी फार चांगले होते, पण त्याचा नोकरीच्या वर्षांशी किंवा प्रशिक्षणाशी काही संबंध दिसला नाही. म्हणजे वीस वर्षं खिडकीत बसलं म्हणून नजर तयार होतेच असं नाही. माझी वीस वर्षांची पत्रकारिताही इथे काही कामाची नाही.

त्या ६ टक्क्यांचा अर्थ काय होतो, ते हिशेबाने बघू. समजा एका विमानतळावर एका दिवसात हजार प्रवासी आले. त्यातला एकच दुसऱ्याच्या पासपोर्टवर आलाय, बाकी ९९९ सच्चे. नुसत्या नजरेने तपासलं तर सच्च्यांपैकी ६ टक्के, म्हणजे साठेक जण 'फोटो जुळत नाही' म्हणून बाजूला काढले जातील. खरा तोतया सापडला असं धरलं, तरी बाजूला उभ्या असलेल्या एकसष्ट जणांत तो एकटा. आकडा प्रयोगातला आहे, प्रत्येक विमानतळावर तसाच येईल असं नाही. पण मुद्दा तोच राहतो. 'फोटो जुळत नाही' असं वाटणं हा पुरावा नाही. पुढची तपासणी सुरू करायला ते कारण होऊ शकतं, इतकंच.

आणि पुढची तपासणी न करता त्या वाटण्यावरच शिक्का मारला तर काय होतं?

२००९ सालची गोष्ट. सोमालियात जन्मलेली, कॅनडाची नागरिक झालेली आणि टोरोंटोत राहणारी एक बाई केनियाला गेली होती. २१ मे रोजी ती नैरोबीच्या विमानतळावर परतीच्या विमानासाठी आली. पासपोर्ट खरा होता, तिचाच होता. फोटो चार वर्षांपूर्वीचा. तिथल्या माणसांना वाटलं की फोटोतले ओठ आणि समोरचे ओठ वेगळे दिसतात. तिला अडवलं. पुढे काम कॅनडाच्या तिथल्या उच्चायुक्तालयाकडे गेलं आणि आपल्या देशाचे अधिकारी तरी आपल्याला ओळखतील, ही तिची आशाही गेली. त्यांनी तिला तोतया ठरवलं, पासपोर्ट रद्द केला आणि खटला चालवण्यासाठी तो केनियाच्या ताब्यात दिला. आठ दिवस ती तुरुंगात होती. सुटली ती जामिनावर, देश सोडायची मुभा नाही.

तिच्याजवळ काय काय होतं बघा. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोचा वाहन परवाना, तिथलं आरोग्य कार्ड, सामाजिक विम्याचं कार्ड, इतकंच काय, टोरोंटोतल्या लाँड्रीची पावतीसुद्धा. यातला प्रत्येक कागद कुठल्या तरी कार्यालयातल्या नोंदीकडे बोट दाखवत होता. पण एकदा चेहऱ्यावरून मत बनलं, की समोर येणारा प्रत्येक कागद त्या मताच्या चष्म्यातून बघितला जातो. खरं कार्ड आलं की 'हेही ज्याचं पासपोर्ट त्याचंच आणलं असेल' असं वाटायला लागतं. जुलैमध्ये कॅनडाच्या परराष्ट्रमंत्र्यांनीही जाहीरपणे म्हटलं की ठोस पुरावा नाही, आणि पासपोर्टवरचा फोटो साधारणपणे माणसासारखाच असतो.

अधिकाऱ्यांचीही बाजू होती, ती सांगायला हवी. त्यांनी तिची मुलाखत घेतली होती आणि काही प्रश्नांची उत्तरं तिला नीट देता आली नाहीत, असं त्यांनी पुढे न्यायालयात मांडलं. पण परक्या देशात अडवलेल्या, घाबरलेल्या माणसाला गावाबद्दलचे प्रश्न विचारणं आणि उत्तरं ऐकून मत बनवणं, हीसुद्धा एक प्रकारची नजरच झाली. आपल्यातल्या कितीजणांना पोलीस ठाण्यात बसवून विचारलं तर जिल्ह्याच्या खासदाराचं नाव पटकन आठवेल?

शेवटी सुटका कशाने झाली? डीएनए चाचणीने. तिचा बारा वर्षांचा मुलगा टोरोंटोत होता. त्या मुलाची आई कोण, याची सरकारदरबारी नोंद होती. नैरोबीतल्या बाईचा आणि त्या मुलाचा डीएनए जुळवला आणि १० ऑगस्टला निकाल आला: हीच त्याची आई. म्हणजे पासपोर्टवर जिचं नाव आहे तीच ही. केनियातला खटला मागे घेतला गेला आणि १५ ऑगस्टला ती घरी पोचली. ओठांवरून सुरू झालेलं प्रकरण निस्तरायला जवळपास तीन महिने लागले.

मला या प्रकरणातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. तिच्या ओठांबद्दल शेवटपर्यंत कुणी काही सिद्ध केलं नाही, त्याची गरजही पडली नाही. निकाल लागला तो नोंदीला नोंद जोडून.

आता याची उलटी बाजू. फोटो तंतोतंत जुळतो आणि तरीही माणूस खोटा, असं होतं का? होतं, आणि उदाहरण आपल्याच देशातलं आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम आणि अभिनेत्री मोनिका बेदी यांना २००२ मध्ये लिस्बनला पकडलं, २००५ मध्ये भारतात आणलं, हे सगळ्यांना आठवत असेल. मोनिका बेदीवर आंध्रात पासपोर्टचा खटला चालला. कर्नूलच्या पत्त्यावर 'सना मलिक कमाल' या नावाने पासपोर्ट काढलेला होता. त्यावरचा फोटो तिचाच. हजार वेळा चेहऱ्याशी ताडून बघा, जुळणारच. खोटं होतं ते नाव, पत्ता आणि त्यासाठी लावलेले दाखले. २००६ मध्ये हैदराबादच्या सीबीआय न्यायालयाने तिला दोषी ठरवलं, पुढे उच्च न्यायालयाने शिक्षा कमी केली, २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोष कायम ठेवला आणि शिक्षा भोगलेल्या काळापुरती केली. पडताळणीत हातभार लावणाऱ्या पोलीस कर्मचाऱ्यालाही दोषी धरलं गेलं.

नैरोबीत फोटो 'जुळला नाही' आणि बाई खरी होती. कर्नूलच्या पासपोर्टवर फोटो जुळत होता आणि ओळख खोटी होती. म्हणजे फोटो जुळणं आणि ओळख खरी असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण मात्र दोन्हींची एकच समजूत करून घेतो.

आता आपल्या ग्रुपवरच्या फोटोकडे या. तो आपल्यापर्यंत पोचला कसा, ते तरी बघा. आखातात जाताना माणूस विशी-पंचविशीत असतो. मोठ्या माणसाचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, म्हणजे त्यावरचा फोटो दहा वर्षांपर्यंत जुना असू शकतो. दहा वर्षांत केस जातात, पोट येतं, गाल भरतात, दाढी येते. तो फोटो पासपोर्टच्या पानावर छापला, त्याची झेरॉक्स निघाली, झेरॉक्सचा कुणी मोबाईलवर फोटो काढला, तो व्हॉट्सॲपवरून जाताना आणखी दाबला गेला. झेरॉक्समध्ये सावळा माणूस काळाठिक्कर होतो आणि भुवया, मिशी, सावली सगळं एक होऊन जातं, हे आधारच्या झेरॉक्सवर स्वतःला बघितलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

शिवाय कॅमेऱ्याचं अंतर. हातभर अंतरावरून मोबाईलने फोटो काढला तर नाक मोठं दिसतं, कान मागे गेल्यासारखे दिसतात. तोच चेहरा पाच-सहा फुटांवरून काढला तर पसरट आणि भरलेला दिसतो. आपल्या स्टुडिओवाल्यांना हे विचारा, ते दोन मिनिटांत करून दाखवतील. तेच स्टुडिओवाले लग्नाच्या बायोडेटासाठी चेहरा उजळ करून देतात, तीळ पुसून देतात, तेही विचारा. म्हणून दोन फोटो शेजारीशेजारी ठेवून 'नाक बघा, कान बघा' म्हणणं म्हणजे दोन कॅमेऱ्यांची तुलना करणं आहे, माणसांची नाही.

मग खरी तपासणी कशी होते? तीन प्रश्न असतात आणि ते याच क्रमाने विचारावे लागतात.

पहिला प्रश्न: हे पुस्तक खरं आहे का? यासाठी मूळ पासपोर्ट हातात लागतो, झेरॉक्सवर हे होतच नाही. कागदातलं जलचिन्ह, शिवण, छपाई, फोटोच्या पानाला धक्का लागलाय का, हे बघतात. फोटोच्या पानाच्या तळाला मशीनने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या, मधे `<` अशा खुणा. त्यात पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदतीची तारीख यांच्यामागे एकेक तपासणी अंक असतो. उदाहरण घेऊ. जन्मतारीख १२ ऑगस्ट १९७४ असेल तर ओळीत ती ७४०८१२ अशी छापतात. या सहा अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं: ४९, १२, ०, ५६, ३, २. बेरीज १२२. शेवटचा आकडा २, म्हणून तारखेमागे २ हवा. कुणी नुसतं जन्मवर्ष खोडून बदललं आणि मागचा अंक तसाच ठेवला, तर बहुतेक वेळा मशीन लगेच ओरडतं. पण हा हिशेब जाहीर आहे, हुशार माणूस तो अंकही बदलेल. म्हणून यावरही थांबत नाहीत. एप्रिल २०२४ पासून आपल्याकडे टप्प्याटप्प्याने ई-पासपोर्ट द्यायला सुरुवात झालीय. त्यातल्या चिपमधली माहिती आणि फोटो यांवर सरकारची डिजिटल सही असते. एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही.

दुसरा प्रश्न: पुस्तक खरं असेल तर ते दिलं कुणाला आणि कशावरून? प्रत्येक पासपोर्टला फाइल क्रमांक असतो आणि त्या फाइलमागे अर्ज असतो. अर्जासोबत जन्माचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, आधीचा पासपोर्ट, पोलिसांचा अहवाल. सेवा केंद्रात तर फोटो तिथल्याच कॅमेऱ्यावर काढतात आणि बोटांचे ठसेही घेतात. कर्नूलचं बिंग या दुसऱ्या प्रश्नात फुटलं, पहिल्यात नाही. पुस्तक सरकारनेच दिलेलं होतं, दाखले खोटे होते. आणि इथेच आपल्या गावाची जबाबदारी येते. पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदाराला चहा पाजून 'हो हो, इथेच राहतो' म्हणणारा शेजारी, न बघता रहिवासी दाखल्यावर सही करणारा माणूस, हेच त्या साखळीतले कच्चे दुवे असतात. आपण फोटोवर तासभर चर्चा करतो आणि दाखल्यावर अर्ध्या मिनिटात सही देतो.

तिसरा प्रश्न: ज्याला पासपोर्ट दिला, तोच हा समोरचा माणूस आहे का? इथे कुठे चेहऱ्याचं काम सुरू होतं. तेही एकट्याचं नाही. फाइलमधली सही, ठसे असतील तर ठसे, जुन्या पासपोर्टांवरचे आधीचे फोटो, जाण्या-येण्याचे शिक्के, शाळा सोडल्याचा दाखला, आणि जी माणसं त्याला लहानपणापासून ओळखतात त्यांचे जबाब. आधी सांगितलेला नेदरलँड्सचा प्रयोग आठवा: ओळखीच्या माणसाच्या नजरेला वजन आहे. त्याच्या वर्गशिक्षकाने, चुलतभावाने पोलिसांपुढे दिलेल्या जबाबाला जे वजन आहे, ते चार तालुक्यांपलीकडच्या ॲडमिनच्या 'मला तर वेगळाच वाटतो' याला नाही. तरी तो जबाबही एकटा पुरत नाही, कारण नातेवाईक खोटं बोलू शकतात. म्हणूनच सगळं एकमेकांशी ताडून बघायचं असतं.

कायद्यानेही हे इतकं सोपं ठेवलेलं नाही. १९६७ च्या पासपोर्ट कायद्यात, माहिती दडवून किंवा चुकीच्या माहितीवर घेतलेला पासपोर्ट जप्त किंवा रद्द करण्याचा अधिकार आहे, कलम १० खाली. पण तो पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे. त्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध अपिलाची सोय कलम ११ मध्ये आहे. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की यात माणसाला आपलं म्हणणं मांडण्याची संधी द्यावीच लागते. ज्या बाबतीत भारत सरकारलाही माणसाचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, ते आपण एका फॉरवर्डवर करून मोकळे झालो. गाळा गेला, उद्या सोयरीक मोडेल.

यावर मला माहीत आहे काय उत्तर येणार. "म्हणजे बोगस लोकांना मोकळं सोडायचं का? आपल्या भागात कोण येतंय, कोण राहतंय, विचारायचंच नाही?"

जरूर विचारा. खोट्या पासपोर्टवर राहणारा माणूस हा गंभीर विषय आहे, तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण विचारायचं कुणाला? शंका आली असेल तर पोलीस ठाण्यात किंवा पासपोर्ट कार्यालयात लेखी अर्ज द्या, खाली स्वतःचं नाव-सही करा आणि पोच घ्या. 'मला या या कारणाने शंका आहे, चौकशी व्हावी' एवढंच लिहा. गंमत बघा, फॉरवर्ड करणाऱ्या शेकडो जणांपैकी असा अर्ज दिलेला एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. सही करायची वेळ आली की खात्री पातळ होते. आणि तो माणूस खरंच खोटा असेल, तर या गाजावाजाने आपण त्याला पळून जायला आठ-दहा दिवस दिलेच आहेत.

गाळेवाल्यांनाही सांगतो. मालमत्ता तुमची आहे, खात्री करून घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मूळ पासपोर्ट बघा, जुना रद्द झालेला असेल तर तोही मागा, नाव आणि जन्मतारीख शाळेच्या दाखल्याशी ताडा, कराराआधी पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या. त्यात काही विसंगती निघाली तर करार करू नका, कुणी तुम्हाला दोष देणार नाही. पण 'ग्रुपवर फोटो बघितला' हे कारण असू शकत नाही. आणि करार करणार नसाल तर अनामत परत करा, ती त्याच्या घामाची आहे.

परदेशातून परत येणाऱ्यांना एक सूचना. चेहऱ्यात फार फरक पडला असेल, तर मुदत संपायची वाट न बघता नव्या फोटोसाठी पासपोर्ट पुन्हा काढून घेता येतो, अर्जात 'दिसण्यात बदल' असं कारण देता येतं. जुने पासपोर्ट फेकू नका. ते तुमच्या चेहऱ्याचा आणि प्रवासाचा सलग पुरावा असतात.

आणि शेवटचं, झेरॉक्स सेंटरवाल्यांसाठी. ती झेरॉक्स कुठून तरी बाहेर गेली. पासपोर्टच्या पानांवर नाव, जन्मतारीख, जन्मगाव, क्रमांक, आई-वडिलांची नावं, पत्ता, सही, सगळं असतं. ग्रुपवर ते पान टाकणाऱ्याने एका खऱ्या-खोट्याचा शोध घेतला नाही, उलट हजार लोकांच्या मोबाईलवर दुसऱ्याच्या नावाने काहीही करायची सोय करून ठेवली. गल्ल्यावर पडलेल्या खराब प्रती फाडून टाका. गिऱ्हाइकांनो, तुम्हीही मशीनमधून मूळ कागद आणि वाया गेलेली प्रत, दोन्ही मागून घ्या.

ज्यांच्याकडे तो जोडफोटो अजून आहे त्यांनी तो आज काढून टाका, आणि ज्या ग्रुपवर टाकला होता तिथे 'काढला आहे, चौकशी होऊ द्या' एवढी एक ओळ लिहा. चौकशीचा निकाल कागदावर आला की तो काहीही असो, मी तो छापेन.